स्नायूत आठवड्यात भरणारं क्रिएटिन मेंदूत का अडतं?

१९९२ साली रॉजर हॅरिस, कारिन सॉडरलुंड आणि एरिक हल्टमन या तिघांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी माणसांना क्रिएटिन, म्हणजे पेशींना ऊर्जेचा राखीव साठा देणारं संयुग, पाच-पाच ग्रॅम दिवसातून चार ते सहा वेळा द्यायचं आणि काही दिवसांनी मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा सुईने काढून मोजायचा. स्नायूतलं क्रिएटिन स्पष्ट वाढलेलं दिसलं, आणि ज्यांचं मुळात कमी होतं त्यांचं सगळ्यात जास्त वाढलं. चार वर्षांनी हल्टमन यांच्याच गटाने दाखवलं, की दिवसाला २० ग्रॅम सहा दिवस घेतलं तर स्नायूतला साठा सुमारे २० टक्क्यांनी वाढतो, आणि घाई नसेल तर रोज ३ ग्रॅम घेऊन तोच पल्ला चार आठवड्यांत गाठता येतो. क्रिएटिनच्या डब्यांवर आजही छापली जाणारी मात्रा या दोन अभ्यासांतून आली आहे.

आता हीच पावडर बुद्धीसाठी, स्मरणशक्तीसाठी, झोप न झालेल्या दिवसासाठी घ्या असं सांगितलं जातं. मेंदूला ऊर्जा भरपूर लागते आणि तिथेही क्रिएटिन तेच काम करतं, म्हणजे फॉस्फेट धरून ठेवतं आणि पेशी ऊर्जेसाठी वापरतात ते एटीपी कमी पडलं की ते फॉस्फेट पटकन परत देतं. त्यामुळे कल्पना तर्काला धरून आहे. अडचण वेगळीच आहे. स्नायूसाठी ठरवलेली मात्रा मेंदूपर्यंत पोहोचते का, हे तपासण्याआधीच बऱ्याच जणांनी ती मेंदूसाठी वापरायला घेतली.

एक वाहक, दोन वाटा

क्रिएटिन पेशीच्या आवरणातून आपोआप झिरपत नाही. त्याला आत नेणारं एक ठरावीक प्रथिन असतं, एसएलसी६ए८ नावाचं. सोडियम आणि क्लोराइडच्या प्रवाहाच्या जोरावर ते क्रिएटिन आत ओढतं. स्नायूत हेच, मेंदूतही हेच. मग फरक कुठे पडतो?

पहिला फरक वाटेत आहे. स्नायूतल्या केशवाहिन्यांच्या पेशींमध्ये बारीक फटी असतात. क्रिएटिनसारखा लहान रेणू त्यांतून बाहेर पडतो आणि स्नायूपेशींभोवतीच्या द्रवात मिसळतो. तिथे प्रत्येक स्नायूपेशीच्या लांबच लांब पृष्ठभागावर वाहक बसलेले असतात. म्हणजे रक्तातलं प्रमाण वाढलं की ते वाढलेलं प्रमाण थेट स्नायूच्या दारात येतं.

मेंदूतल्या केशवाहिन्यांना अशा फटी नसतात. त्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट शिवल्यासारख्या जोडलेल्या असतात. यालाच रक्त-मेंदू अडथळा म्हणतात. इथे क्रिएटिनला वाहिनीच्या पेशीतूनच आरपार जावं लागतं, म्हणजे आधी रक्ताच्या बाजूने आत आणि मग मेंदूच्या बाजूने बाहेर. शिवाय वाहिनीला बाहेरून ॲस्ट्रोसाइट नावाच्या पेशींच्या पायांनी वेढलेलं असतं, आणि उंदरांच्या मेंदूच्या अभ्यासांत या पायांवर क्रिएटिनचा वाहक जवळजवळ सापडत नाही. त्यामुळे आत शिरलेलं क्रिएटिन या पायांमधल्या जागांतून वाट काढत पुढे सरकतं, असं मानलं जातं.

दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. अडथळ्यावरचा हा वाहक नेहमीच्या दिवशीही जवळजवळ पूर्ण क्षमतेने काम करत असतो. तिकिटाची एकच खिडकी उघडी असेल आणि तिच्यासमोर आधीच रांग असेल, तर रांगेत आणखी शंभर माणसं उभी केल्याने तासाला विकली जाणारी तिकिटं वाढत नाहीत, तसं हे आहे.

थोडं गणित

२००२ साली जपानमधल्या ओत्सुकी आणि सहकाऱ्यांनी उंदरांत आणि मेंदूच्या केशवाहिन्यांपासून वाढवलेल्या पेशींत हे मोजलं. वाहक अर्ध्या क्षमतेला पोहोचण्यासाठी भोवतालच्या द्रवात क्रिएटिन किती लागतं? उत्तर आलं लिटरला साधारण १६ मायक्रोमोल. हा आकडा कळला की हिशोब सोपा होतो. रक्तातलं प्रमाण घ्यायचं, आणि त्याला ते प्रमाण अधिक १६ या बेरजेने भागायचं. जे येतं तो वाहकाच्या क्षमतेचा वापरात असलेला भाग.

उपाशीपोटी माणसाच्या रक्तात क्रिएटिन लिटरला ५० मायक्रोमोलच्या आसपास असतं असं धरू. ५० भागिले ६६, म्हणजे सुमारे ७६ टक्के. काहीही न घेता वाहक तीन चतुर्थांश क्षमतेवर आहे. आता ५ ग्रॅम क्रिएटिन घ्या. हॅरिस यांच्या अभ्यासात तासाभरात रक्तातलं प्रमाण सरासरी ८०० मायक्रोमोलच्या जवळ गेलं होतं. ८०० भागिले ८१६, म्हणजे ९८ टक्के. रक्तात सोळापट वाढ झाली, पण मेंदूकडे जाणारा ओघ ७६ वरून ९८ वर गेला, म्हणजे जेमतेम तीस टक्के वाढला. तोही प्रमाण चढलेलं असेपर्यंतच. मात्रा दुप्पट केली तर ९८ चे ९९ होतील. मोठ्या मात्रेचा खरा उपयोग एवढाच, की रक्तातलं प्रमाण जास्त तास वर राहतं.

इथून पुढे हिशोब थोडा ताणतो. हा अंदाज आहे, मोजमाप नाही, हे लक्षात ठेवून वाचा. शरीरातलं क्रिएटिन रोज सुमारे पावणेदोन टक्के या वेगाने क्रिएटिनिनमध्ये बदलून वाया जातं. हाच वेग मेंदूलाही लागू आहे असं मानलं, मेंदूचं सगळं क्रिएटिन रक्तातूनच येतं असंही मानलं, आणि दिवसभर थोडं थोडं घेऊन ओघ सतत तीस टक्के जास्त ठेवला, तर साठा हळूहळू तीस टक्के वाढीकडे सरकेल. पण फारच हळू. सात दिवसांनी वाढ साडेतीन टक्क्यांच्या आत असेल, चार आठवड्यांनी अकरा टक्क्यांच्या आसपास. आणि रोज एकदाच ५ ग्रॅम घेतलं तर? रक्तातलं प्रमाण चोवीसपैकी चारेक तासच चढलेलं राहतं असं धरलं, तर दिवसाची सरासरी काढता ओघ पाच टक्क्यांनी वाढतो, आणि सहा आठवड्यांनी मेंदूतली वाढ अडीच टक्के. ही वाढ असली तरी कोणत्याही यंत्रावर दिसणार नाही.

शिवाय यात एक गोष्ट मी सोडून दिली आहे, आणि ती वाढीच्या विरोधात जाते. मेंदू स्वतः क्रिएटिन बनवतो. त्यासाठी दोन विकरं लागतात, एजीएटी आणि जीएएमटी, आणि ती दोन्ही मेंदूच्या पेशींत सापडतात. स्नायू जवळजवळ पूर्णपणे बाहेरच्या पुरवठ्यावर जगतो. मेंदूचा काही पुरवठा घरचा असेल, तर रक्तातून येणारा ओघ तीस टक्के वाढला तरी एकूण आवक त्यापेक्षा कमीच वाढणार. हे घरचं उत्पादन किती महत्त्वाचं आहे याचा एक सुगावा शाकाहारी लोकांत मिळतो. त्यांच्या स्नायूत क्रिएटिन मांसाहारी लोकांपेक्षा कमी असतं, कारण आहारातून ते फारसं येत नाही. पण ब्राझीलमधल्या सोलिस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मेंदू तपासला, तर दोन्ही गटांत क्रिएटिन सारखंच होतं. म्हणजे ताटात काय आहे याची मेंदूला फारशी फिकीर नाही.

आजारांनी दिलेला पुरावा

गणितावर विश्वास ठेवायचा नसेल तर काही दुर्मीळ जन्मजात आजारांकडे पाहावं. १९९४ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी एका लहान मुलाची नोंद केली, ज्याच्या मेंदूच्या तपासणीत क्रिएटिनचा संकेत जवळपास नव्हताच. त्याच्यात जीएएमटी विकर काम करत नव्हतं. त्याला तोंडावाटे दिवसाला ४ ते ८ ग्रॅम क्रिएटिन दोन वर्षांहून अधिक काळ दिलं गेलं. मेंदूतलं क्रिएटिन वाढलं आणि मुलगा सुधारला, पण त्याला महिनोन्‌महिने लागले. लक्षात घ्या, हा जवळजवळ रिकामा मेंदू होता आणि मात्रा लहानग्याच्या वजनाच्या मानाने प्रचंड होती. आज अशा मुलांना दर किलो वजनामागे ४०० ते ८०० मिलिग्रॅम, दिवसात अनेक वेळा विभागून देतात. ७० किलोच्या माणसाला याच हिशोबाने किमान २८ ग्रॅम होतील.

इटलीतल्या दोन बहिणींची नोंद २००० साली झाली. त्यांच्या रक्तातलं क्रिएटिन सामान्य होतं, मेंदूत मात्र ते नव्हतं. दोष एजीएटी विकरात होता. रक्तात पुरेसं असूनही मेंदू कोरडा राहू शकतो, याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण सापडणं कठीण. उलट बाजूने, ज्यांच्यात वाहकच बिघडलेला असतो त्यांना नुसतं क्रिएटिन कितीही दिलं तरी मेंदूतली पातळी जवळजवळ हलत नाही. वाट एकच आहे, हे यातून पक्कं होतं.

मेंदूत मोजलं तेव्हा

निरोगी माणसाच्या मेंदूचा तुकडा काढता येत नाही. म्हणून एमआरआय यंत्रावरच एमआर स्पेक्ट्रोस्कोपी करतात. तिच्या नेहमीच्या प्रकारात क्रिएटिन आणि फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे फॉस्फेट धरून बसलेलं क्रिएटिन, यांचा एकत्रित संकेत मिळतो. त्यात दोन मोजमापांमध्येच काही टक्क्यांचा फरक सहज पडतो. म्हणून तीन-चार टक्क्यांची खरी वाढ छोट्या गटात हरवून जाऊ शकते, आणि तेवढीच खोटी वाढ खरी वाटू शकते.

सगळ्यात जास्त उद्धृत होणारा अभ्यास १९९९ चा, डेशेंट आणि सहकाऱ्यांचा. सहा निरोगी माणसं, दिवसाला २० ग्रॅम, चार आठवडे. सरासरी वाढ ८.७ टक्के. पण मेंदूच्या सगळ्या भागांत सारखी नाही: मेंदूच्या मधोमध असलेल्या थॅलॅमसमध्ये सुमारे १५ टक्के, करड्या भागात पाच टक्क्यांच्याही आत. माझ्या वरच्या कच्च्या हिशोबाच्या जवळचा हा आकडा पाहून बरं वाटतं, पण सहा माणसांवरून फार खूश होऊ नये.

कमी दिवसांच्या अभ्यासांत निकाल दोन्हीकडे गेले आहेत. सोलिस यांच्याच गटाने २०१७ मध्ये मुलं, प्रौढ, शाकाहारी आणि वयस्कर अशा वेगवेगळ्या लोकांना दर किलोमागे ०.३ ग्रॅम, म्हणजे ७० किलोला २१ ग्रॅम, सात दिवस दिलं. स्नायूतलं फॉस्फोक्रिएटिन वाढलं, मेंदूतलं नाही. तीच पावडर, तीच माणसं, तोच आठवडा. उलट न्यूझीलंडमधल्या टर्नर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये २० ग्रॅम सात दिवस देऊन मेंदूत ९.२ टक्के वाढ नोंदवली. हा आकडा माझ्या हिशोबात बसत नाही. एकतर मोजमापाची चूक तेवढी असावी किंवा माणसाच्या मेंदूचा वाहक उंदराच्या मानाने मोकळा असावा.

बुद्धीच्या चाचण्यांत किती दिलं?

आता मात्रांकडे. या क्षेत्राची सुरुवात ज्या अभ्यासाने गाजली तो ऑस्ट्रेलियातल्या कॅरोलाइन रे आणि सहकाऱ्यांचा, २००३ चा. ४५ शाकाहारी तरुण, रोज ५ ग्रॅम, सहा आठवडे, मग सहा आठवडे विश्रांती आणि गटांची अदलाबदल. आकडे उलट क्रमाने म्हणण्याच्या आणि आकृत्यांच्या तर्काच्या चाचणीत ठळक सुधारणा दिसली. मेंदूतलं क्रिएटिन मात्र मोजलं नव्हतं.

वीस वर्षांनी, २०२३ मध्ये, सँडक्यूलर आणि सहकाऱ्यांनी जवळजवळ हाच आराखडा १२३ जणांवर पुन्हा केला. मात्रा तीच ५ ग्रॅम, मुदत तीच सहा आठवडे, गट अर्धा शाकाहारी. काय तपासणार हे आधीच जाहीर केलेलं. आकृत्यांच्या चाचणीत फरक पडला नाही, आकडे उलट म्हणण्यात अगदी बारीक फरक, तोही सांख्यिकीच्या काठावरचा. बुद्ध्यंकाच्या भाषेत एक ते अडीच गुण. शाकाहारी आणि मांसाहारी यांच्यात वेगळा परिणाम दिसला नाही. मधल्या काळात, २००८ मध्ये, रॉसन यांनी दर किलोमागे ०.०३ ग्रॅम, म्हणजे जेमतेम दोन ग्रॅम, सहा आठवडे देऊन पाहिलं होतं. तरुणांत काहीच नाही. वर काढलेला अडीच टक्क्यांचा अंदाज आठवला तर यात नवल वाटत नाही. या मात्रेने मेंदूत फार काही पोहोचतच नसेल, तर चाचणी क्रिएटिनची होत नाही, न पोहोचलेल्या क्रिएटिनची होते.

दुसरी जात आहे ती मोठ्या मात्रेच्या छोट्या अभ्यासांची, आणि त्यांत मेंदूला मुद्दाम ताण दिलेला असतो. २००६ मध्ये मॅकमॉरिस यांनी दिवसाला २० ग्रॅम, चार भागांत, सात दिवस दिलं आणि मग लोकांना चोवीस तास जागं ठेवलं. काही कामांत क्रिएटिनचा गट कमी घसरला. टर्नर यांच्या अभ्यासातही सात दिवसांनंतर लोकांना कमी ऑक्सिजनची हवा दिली होती, आणि लक्ष टिकवण्यात क्रिएटिनचा फायदा दिसला. ताजातवाना मेंदू आपलं काम नीट भागवत असतो. राखीव साठ्याची गरज तो ओढला गेल्यावरच उघड होते, असा या आराखड्यामागचा विचार आहे आणि तो मला पटतो.

यातला सगळ्यात विचित्र निकाल २०२४ चा. जर्मनीतल्या युलिशमध्ये गोर्दजी-नेजाद आणि सहकाऱ्यांनी १५ जणांना रात्रभर जागवलं आणि एकच मोठी मात्रा दिली: दर किलोमागे ०.३५ ग्रॅम, म्हणजे ७० किलोला साडेचोवीस ग्रॅम, एका वेळी. काही तासांतच मेंदूतल्या फॉस्फेट संयुगांत बदल दिसले आणि काही चाचण्यांत वेग सुधारला. परिणाम साधारण चार तासांनी शिखरावर होता आणि नऊ तासांपर्यंत टिकला. आत्तापर्यंतचं सगळं म्हणणं, की मेंदूत क्रिएटिन हळू शिरतं, या निकालाशी भांडतं. संशोधकांचं स्पष्टीकरण असं, की जागरणाने पेशींची ऊर्जेची मागणी वाढते, त्याच वेळी बाहेर क्रिएटिन भरपूर असतं, आणि या जोडीने शोषण तात्पुरतं वाढतं. हे शक्य आहे. पण पंधरा माणसं आणि एक रात्र एवढ्यावर रोजच्या सवयीचा निर्णय बेतू नये. असा निकाल दुसऱ्या प्रयोगशाळेत, जास्त लोकांवर आधी टिकायला हवा.

आणि शेवटी लांब पल्ल्याची मोठी मात्रा. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात अल्झायमरच्या २० रुग्णांना दिवसाला २० ग्रॅम, आठ आठवडे दिलं. २०२५ मध्ये आलेल्या निकालात मेंदूतलं एकूण क्रिएटिन ११ टक्क्यांनी वाढलेलं होतं आणि काही बौद्धिक चाचण्यांतही सुधारणा होती. पहिली गोष्ट विश्वासार्ह आहे, कारण डेशेंट यांच्या आकड्याशी ती जुळते. दुसरीबद्दल हात आखडता घ्यावा लागतो, कारण तुलनेला प्लासिबो, म्हणजे क्रिएटिन नसलेली नकली पावडर, घेणारा गट नव्हता, आणि तीच चाचणी दुसऱ्यांदा देताना माणूस सहज थोडा बरा ठरतो.

हे सगळं शेजारी ठेवलं की एक तिढा दिसतो. सगळ्यात चांगल्या आराखड्याच्या अभ्यासांत मात्रा लहान होती, आणि मेंदूत खात्रीने पोहोचणाऱ्या मात्रेचे अभ्यास लहान, थोड्या दिवसांचे किंवा तुलना गटाविना होते. दिवसाला २० ग्रॅम, दोन-तीन महिने, शंभरावर निरोगी माणसं, प्लासिबो आणि मेंदूचं मोजमाप हे सगळं एकाच ठिकाणी असलेला अभ्यास व्हायला हवा.

तोपर्यंत कोणी स्वतःवर २० ग्रॅम करून पाहणारच असेल, तर दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. एका वेळी १० ग्रॅमपेक्षा जास्त घेतलं की पोट बिघडण्याची, जुलाब होण्याची शक्यता वाढते, म्हणून संशोधक ते चार भागांत देतात. आणि रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं, कारण ते क्रिएटिनचाच शेवट आहे. तपासणी अहवालात मूत्रपिंड बिघडल्यासारखं दिसू शकतं. त्यामुळे आपण काय घेतो आहोत हे डॉक्टरांना आधीच सांगावं. शंका असेल तर ते सिस्टॅटिन सी ही वेगळी तपासणी करून घेऊ शकतात, जी क्रिएटिनमुळे वर जात नाही. ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आधीपासून आहे त्यांनी एवढी मात्रा स्वतःच्या मनाने घेऊ नये.